दिलेला शब्द आणि कायद्याचे बंधन

स्नेहसंमेलनाच्या तयारीत दरवर्षी घडणारी एक गोष्ट घेऊ. महाविद्यालयाचा एखादा माजी विद्यार्थी, आता गावातील सुस्थितीतला व्यापारी, संमेलन समितीला सांगतो, "मंडपाचा खर्च मी देईन." समितीची मुले आनंदाने परत येतात. पुढे आठवड्याभरात त्या गृहस्थांचे मन बदलते व ते पैसे देण्यास नकार देतात. कायद्याने त्यांना पैसे द्यायला लावता येईल काय?

बहुतेक जण म्हणतील, "शब्द दिला म्हणजे दिला." नीतीच्या दृष्टीने ते बरोबर आहे. परंतु करारविषयक कायद्याचे उत्तर वेगळे आहे. भारतीय करार अधिनियम, 1872 याच्या कलम 25 प्रमाणे प्रतिफलावाचून केलेला करार, काही मोजके अपवाद वगळता, शून्य असतो. प्रतिफल म्हणजे वचनाच्या बदल्यात मिळालेली किंवा मिळावयाची गोष्ट. मग ती पैसा असो, माल असो, श्रम असोत, किंवा वचन देणाऱ्याच्या इच्छेवरून दुसऱ्याने केलेली वा टाळलेली एखादी कृती असो. आपल्या व्यापाऱ्याला त्याच्या वचनाच्या बदल्यात काहीच मिळालेले नाही. म्हणून त्याचा शब्द हा कायद्याच्या दृष्टीने केवळ एक सदिच्छा ठरतो.

हा नियम निष्ठुर वाटला तरी त्यामागे विचार आहे. माणसे उत्साहाच्या भरात, भिडेपोटी किंवा चार लोकांसमोर पुष्कळ काही बोलून जातात. असा प्रत्येक उद्गार न्यायालयात नेता आला, तर बोलणेच कठीण होईल. बदल्यात काही घेतले असेल तर माणूस विचार करून बोलला, असे मानायला आधार मिळतो. प्रतिफल ही वचनाच्या गांभीर्याची खूण होय.

आता याच गोष्टीत थोडा बदल करू. व्यापाऱ्याने शब्द दिला. "तुम्ही मंडपवाल्याला आगाऊ रक्कम देऊन टाका, बाकी मी पाहतो," असेही तो म्हणाला. आणि समितीने त्या भरवशावर मोठा मंडप ठरवला, विसार दिला. त्यानंतर तो फिरला. आता केवळ एक आशा भंगली एवढेच झालेले नाही. त्याच्या शब्दावर विसंबून दुसरा पक्ष पुढे सरकला आहे, आणि आता त्याला पूर्वीच्या जागी परत जाता येत नाही.

या फरकाला फार मोठे महत्त्व आहे. 1886 साली हावड्याच्या टाउन हॉलच्या वर्गणीचे प्रकरण कलकत्ता उच्च न्यायालयापुढे आले होते. एका गृहस्थाने वर्गणीच्या यादीत शंभर रुपयांचा आकडा घातला आणि पुढे ते दिले नाहीत. वर्गणीदारांच्या आकड्यांवर विसंबून इमारतीचे कंत्राट दिले गेले होते, आणि असे होणार हे वर्गणीदारांना ठाऊक होते. न्यायालयाने त्या गृहस्थाला शंभर रुपये देण्यास जबाबदार धरले. मात्र तेथे न्यायालयाने प्रतिफलाचाच अर्थ ताणला. वर्गणीदारांच्या विनंतीवरून कंत्राटाची जबाबदारी पत्करणे हेच प्रतिफल, असे मानले. पण असा अर्थ सर्वच प्रकरणांत लावता येत नाही. जेथे तो लावता येत नाही तेथे निराळ्या तत्त्वाची गरज पडते. त्या तत्त्वाला मराठीत 'वचनविबंध' असे म्हणतात. इंग्रजी कायद्यात त्याचे नाव 'प्रॉमिसरी एस्टॉपेल'.

'विबंध' या शब्दात अडवणे हा अर्थ आहे. एखाद्याने आपल्या बोलण्याने किंवा वागण्याने दुसऱ्याच्या मनात एक समज निर्माण केला, दुसरा त्याप्रमाणे वागला, तर नंतर पहिल्याला "तसे नव्हतेच" असे म्हणू द्यायचे नाही. कायदा त्याचे तोंड बंद करतो. पुराव्याच्या कायद्यात हा नियम 1872 पासून कलम 115 मध्ये होता, आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही तो ठेवलेला आहे. परंतु हा जुना विबंध 'आहे' किंवा 'होते' अशा वस्तुस्थितीच्या विधानापुरताच असे मानले जाई. "हे शेत माझे आहे" असे सांगून ते विकणारा माणूस नंतर "तेव्हा ते माझे नव्हते" असे म्हणू शकत नाही. पण "मी पुढे असे करीन" हे वस्तुस्थितीचे विधान नव्हे, ते भविष्याविषयीचे वचन होय. इंग्लंडमध्ये 1854 साली जॉर्डन विरुद्ध मनी या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने अशा वचनाला विबंध लागू पडत नाही असे ठरवले. अशा रीतीने वचन दोन्हीकडून अधांतरी राहिले. प्रतिफल नाही म्हणून करार नाही, आणि भविष्याबद्दल आहे म्हणून विबंध नाही.

ही पोकळी भरून काढण्याचे श्रेय सामान्यतः न्यायमूर्ती डेनिंग यांना दिले जाते. लंडनमधील एका कंपनीने 1937 साली सदनिकांची एक संपूर्ण इमारत दुसऱ्या कंपनीला 99 वर्षांच्या पट्ट्याने वार्षिक 2,500 पौंड भाड्याने दिली होती. युद्ध सुरू झाले, लोक लंडन सोडू लागले, सदनिका रिकाम्या पडल्या. 1940 साली मालक कंपनीने भाडे निम्मे, म्हणजे 1,250 पौंड, केल्याचे लेखी कळवले. या सवलतीबद्दल भाडेकरूने काहीच दिले नव्हते. 1945 च्या सुरुवातीस इमारत पुन्हा भरली. मग मालक कंपनीने पूर्ण भाड्याचा दावा लावला. 'हाय ट्रीज' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यात, इमारत भरल्यानंतरच्या काळाचे पूर्ण भाडे मिळेल असा निकाल झाला. त्याबरोबरच, युद्धकाळातली थकबाकी मागितली असती तर ती मिळाली नसती, असेही डेनिंग यांनी नमूद केले. आपला शब्द पाळला जाईल असे समजून दुसरा वागावा या हेतूने जो वचन देतो, आणि दुसरा खरोखर तसा वागतो, त्याला ते वचन मोडू देता येणार नाही, हे त्यांचे सूत्र होय.

तथापि इंग्लंडमध्ये या तत्त्वाला लवकरच कुंपण पडले. 1951 साली कोम विरुद्ध कोम या खटल्यात घटस्फोटित पत्नीने पतीने कबूल केलेल्या वार्षिक रकमेसाठी दावा केला. तेव्हा वचनविबंध ही ढाल आहे, तलवार नव्हे, असे ठरले. म्हणजे समोरचा जुना हक्क घेऊन अंगावर आला तर स्वतःला वाचवण्यासाठी ते वापरता येते. केवळ त्याच्या बळावर दावा लावून पैसे मागता येत नाहीत.

भारतात मात्र या तत्त्वाची वाट निराळी गेली, आणि ती समजावून घेण्यासाठी एका वनस्पती तुपाच्या कारखान्याची हकीकत तपशिलाने पाहणे उपयोगी ठरेल. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा खटला मोतीलाल पदमपत शुगर मिल्स विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या नावाने परिचित आहे.

10 ऑक्टोबर 1968 रोजी वर्तमानपत्रात बातमी आली की, राज्यात नव्याने निघणाऱ्या कारखान्यांना पहिली तीन वर्षे विक्रीकरातून सूट देण्याचे उत्तर प्रदेश सरकारने ठरवले आहे. दुसऱ्याच दिवशी कानपूरच्या या कंपनीने उद्योग संचालकांना पत्र लिहिले. ही सूट मिळणार असेल तर वनस्पती तुपाचा कारखाना काढण्याचा आमचा विचार आहे, तरी खात्री द्यावी, असा त्या पत्राचा आशय होता. 14 ऑक्टोबरला होकारार्थी उत्तर आले. कंपनी एवढ्यावर थांबली नाही. कर्ज देणाऱ्या वित्तसंस्थांना पक्के आश्वासन हवे होते. त्या वेळी राज्यात राष्ट्रपती राजवट होती, आणि मुख्य सचिव हेच राज्यपालांचे सल्लागारही होते. त्यांनी 23 जानेवारी 1969 च्या पत्राने निःसंदिग्धपणे कळवले की, उत्पादन सुरू झाल्यापासून तीन वर्षे राज्यात विकल्या जाणाऱ्या वनस्पतीवर विक्रीकर लागणार नाही. या पत्रानंतर कंपनीने कर्ज काढले, यंत्रसामग्रीचा करार केला आणि कारखाना उभा करू लागली.

पुढे सरकारचे विचार बदलले. 20 जानेवारी 1970 च्या पत्राने सांगण्यात आले की, पूर्ण सूट मिळणार नाही. जे नवे वनस्पती कारखाने 30 सप्टेंबर 1970 पर्यंत उत्पादन सुरू करतील त्यांना तीन वर्षांत अनुक्रमे साडेतीन, तीन आणि अडीच टक्के एवढी अंशतः सवलत मिळेल. कंपनीने तेवढ्यावरही समाधान मानले आणि सवलत घेण्याची तयारी कळवली. 2 जुलै 1970 रोजी उत्पादन सुरू झाले. आणि 12 ऑगस्टला, म्हणजे दीड महिना होण्याच्या आत, बातमी आली की अंशतः सवलतही रद्द झाली आहे.

कंपनी अलाहाबाद उच्च न्यायालयात गेली आणि तेथे हरली. अंशतः सवलत मान्य करून कंपनीने पूर्ण सुटीचा हक्क स्वतःच सोडून दिला, असे उच्च न्यायालयाला वाटले. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती भगवती व न्यायमूर्ती तुळजापूरकर यांच्यापुढे अपील चालले आणि 12 डिसेंबर 1978 रोजी निकाल लागला. निकाल कंपनीच्या बाजूने झाला, आणि तोही पूर्ण तीन वर्षांच्या पूर्ण सुटीचा. हे कसे घडले, हे एकेका आक्षेपाच्या अनुषंगाने पाहू.

पहिला आक्षेप साहजिकच प्रतिफलाचा होता. सूट देण्याबद्दल कंपनीने सरकारला काहीही दिले नव्हते. न्यायालय म्हणाले की, वचनविबंध हा कराराचा प्रकारच नव्हे. तो साम्यनीतीतून, म्हणजे अन्याय टाळण्याच्या गरजेतून, आलेला आहे. करारात बंधन येते ते देवघेवीमुळे. येथे बंधन येते ते दुसऱ्याला आपल्या शब्दावर चालायला लावले म्हणून. बंधनाचा उगमच वेगळा असल्यामुळे प्रतिफलाची अट येथे लागत नाही.

दुसरा मुद्दा कागदपत्रांचा. संविधानाच्या अनुच्छेद 299 प्रमाणे राज्याचा करार राज्यपालांच्या नावाने आणि विहित रीतीने व्हावा लागतो. येथे तर केवळ पत्रव्यवहार होता. पण करारच नाही म्हटल्यावर कराराच्या नमुन्याची उणीव आड येण्याचे कारण नाही, असे न्यायालयाने ठरवले.

तिसरा मुद्दा सर्वांत सूक्ष्म आहे. कंपनीचे नुकसान काय झाले? कारखाना तर उभा राहिला, कदाचित नफाही होईल. यावर न्यायालयाचे म्हणणे असे की, वचनावर विसंबून वागल्यामुळे तोटा झालाच पाहिजे असे नाही. वचनग्राहीने आपली स्थिती बदलली एवढे पुरे आहे. नुकसान मोजायचेच असेल, तर आता वचन मागे घेऊ दिल्यास कोणते नुकसान होईल ते पाहावे. वर्गणीच्या उदाहरणात बोलायचे तर, मंडप उभारल्यामुळे समितीचे वाईट झाले नाही. तो उभा असताना हात काढून घेतला तर मात्र होईल.

चौथा प्रश्न हक्क सोडल्याचा. येथे न्यायालयाने उच्च न्यायालयाशी मतभेद दाखवला. हक्क सोडणे म्हणजे तो आपल्याला आहे हे माहीत असताना जाणूनबुजून सोडणे. तसे झाले होते हे सरकारने आपल्या कैफियतीत मांडलेलेही नव्हते. प्रत्येकाला कायदा ठाऊकच असतो असे गृहीत धरून कंपनीला आपल्या पूर्ण हक्काची जाणीव होती असे मानता येत नाही. जे मिळते आहे ते पदरात पाडून घेणारा माणूस उरलेल्यावर पाणी सोडतोच, असे नाही.

या निकालाने इंग्लंडमधले ढाल-तलवारीचे कुंपणही ओलांडले. अन्याय टाळणे हाच तत्त्वाचा पाया असेल, तर ते केवळ बचावासाठी का वापरावे? वचनग्राहीला त्याच्या आधारे दावाही आणता येईल, असे न्यायालयाने म्हटले. भारतीय वचनविबंधाचे हे वैशिष्ट्य आहे.

हे तत्त्व 1978 साली एकाएकी अवतरले असे मात्र नव्हे. मुंबईचेच एक जुने प्रकरण आहे. 1865 साली मुंबई सरकारने नगरपालिकेला जुन्या मंडया हलवून जागा मोकळी करण्यास सांगितले, आणि बदल्यात दुसरी जागा देण्याचा ठराव केला. मंडई ही सर्व जनतेच्या उपयोगाची असल्याने भाडे घेऊ नये, असेही त्या ठरावात होते. विधिवत दानपत्र मात्र कधीच झाले नाही. नगरपालिकेने जुन्या जागा सोडल्या आणि नव्या जागेवर मंडया बांधण्यासाठी व राखण्यासाठी सुमारे 17 लाख रुपये खर्च केले. पाऊणशे वर्षांनी, 1940 साली, कलेक्टरांनी त्या जागेवर पन्नास वर्षांत साडेसात हजारांपासून तीस हजारांपर्यंत वाढत जाणारा सारा बसवला. 1951 साली सर्वोच्च न्यायालयाने तो अवैध ठरवला. बहुमतातील कारणे मात्र एक नव्हती. दीर्घ वहिवाटीने बिनभाड्याने जागा धारण करण्याचा हक्क मिळाला, असे न्यायमूर्ती दास यांनी मानले. न्यायमूर्ती चंद्रशेखर अय्यर यांनी मात्र सरकारने दिलेल्या शब्दावर भर दिला. सरकारच्या शब्दावर लाखो रुपये घालणाऱ्याला पुढे बिल पाठवता येणार नाही, हे त्यांच्या म्हणण्याचे सार होते. कानपूरच्या निकालात याच विचाराला पूर्ण रूप आले.

आता मर्यादा. दिलेला प्रत्येक शब्द बांधतो असा या तत्त्वाचा अर्थ केल्यास मोठी चूक होईल. पहिली गोष्ट, वचन स्पष्ट हवे. "तुमच्या विनंतीचा विचार करू" हे वचन नव्हे. वर दिलेल्या हकीकतीत कंपनीने पुन्हा पुन्हा पत्रे लिहून शेवटी निःसंदिग्ध होकार मिळवला, याचे महत्त्व येथे कळते. दुसरी गोष्ट, कृती त्या वचनावर विसंबून झालेली हवी. कारखाना आधीच उभा असताना सवलत जाहीर झाली असती, तर तिच्यावर विसंबून कारखाना काढला असे म्हणता आले नसते. म्हणूनच अशा खटल्यांत तारखांचा क्रम फार बोलका असतो: वचन कधी, कर्ज कधी, यंत्रांचा करार कधी.

तिसरी मर्यादा कायद्याचीच. विधिमंडळाला कायदा करण्यापासून वचनविबंध अडवू शकत नाही, आणि कायद्याने निषिद्ध केलेली गोष्ट करण्यास कोणालाही भाग पाडू शकत नाही. कानपूरच्या प्रकरणात सूट देण्याचा अधिकार उत्तर प्रदेशच्या विक्रीकर कायद्याच्या कलम 4-अ मध्येच होता, म्हणून वचन अंमलात आणता आले. अधिकार नसताना एखाद्या अधिकाऱ्याने करमाफी कबूल केली असती, तर ती टिकली नसती.

चौथी मर्यादा लोकहिताची. साम्यनीतीचा आधार असल्यामुळे, वचन पाळणे लोकहिताला अधिक घातक ठरणार असेल तर सरकारला त्यातून सुटता येते. पण "धोरण बदलले" एवढे म्हणून भागत नाही. कोणत्या परिस्थितीमुळे बदलले ते न्यायालयापुढे मांडावे लागते, आणि तराजू न्यायालयाच्या हाती असतो. ज्याला पूर्वस्थितीवर परत जाणे शक्य आहे त्याला वाजवी मुदतीची सूचना देऊनही वचन मागे घेता येते. पण बांधलेला कारखाना मोडून विटा परत करता येत नाहीत.

1980 साली जीत राम विरुद्ध हरियाणा राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्याच दुसऱ्या खंडपीठाने कानपूरच्या निकालाविषयी शंका घेतली. त्यामुळे काही काळ संभ्रम होता. परंतु 1985 साली गॉडफ्रे फिलिप्सच्या खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने मूळ निकालच योग्य ठरवला. ज्या विक्रीकरावरून हे सारे घडले तो बहुतांश वस्तूंपुरता 2017 पासून वस्तू व सेवा करात विलीन झाला. तत्त्व मात्र राहिले.

आता आपल्या मंडपाकडे वळू. समितीने काहीच केलेले नसताना व्यापारी फिरला, तर त्याची निंदा करता येईल, फिर्याद नाही. पण त्याच्याच सांगण्यावरून विसार दिला गेला असेल, तर समितीची बाजू बळकट होते. तेव्हा न्यायालय चार गोष्टी विचारील: शब्द स्पष्ट होता काय, समिती त्यावर वागेल हे त्याला ठाऊक होते काय, ती खरोखर त्यामुळेच वागली काय, आणि आता मागे फिरू देणे अन्यायाचे होईल काय. चौथ्याचे उत्तर पहिल्या तिहींवर अवलंबून असते, आणि पहिल्या तिहींचे उत्तर बहुधा पुराव्यावर. म्हणून समितीच्या चिटणिसाने शब्द मिळाल्याच्या दिवशीच आभाराचे एक छोटे पत्र पाठवावे, त्यात रक्कम व आपण पुढे काय करणार आहोत ते लिहावे, आणि त्याची प्रत फायलीत ठेवावी. कानपूरच्या कंपनीनेही बातमीच्या दुसऱ्याच दिवशी पत्र लिहिले होते.